घासणी, फडकं आणि नॅपकिन: किती दिवसांनी धुवायचं, कधी फेकायचं

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो. घरात सासरे ७६ वर्षांचे आणि मुलगी दीड वर्षाची. पावसाळा लागला की ओटा पुसायच्या फडक्याला आणि भांड्यांच्या स्पंजला कुबट वास येतो. व्हिडिओ बघून स्पंज मायक्रोवेव्हमध्ये गरम करते, फडकं अँटिसेप्टिक लिक्विडमध्ये भिजवते, तरी दोन दिवसांत वास परत. यात खरंच इतके बॅक्टेरिया असतात का? आणि काय किती दिवसांनी बदलायचं? भांडी घासायला मावशी येतात.

उत्तर:

आधी नेमकं उत्तर देते, कारणं मागाहून. ओट्याचं फडकं रोज बदलायचं, म्हणजे रोज रात्री धुवायला टाकायचं आणि सकाळी दुसरं कोरडं काढायचं. हात पुसायचा नॅपकिन रोज बदला, अगदीच जमलं नाही तर एक दिवसाआड. धुतलेली भांडी पुसायचं कापड वेगळं ठेवा आणि तेही रोज बदला. फोमचा स्पंज तुमच्या घरात एक आठवडा वापरा आणि फेका, तो धुऊन-उकळून टिकवायच्या भानगडीत पडू नका. प्लास्टिकच्या जाळीची किंवा काथ्याची घासणी नीट वाळत असेल तर तीन-चार आठवडे चालते. हे आकडे काही कायद्यात लिहिलेले नाहीत. कॅन्टीन, मेस, हॉटेलं यांच्या स्वयंपाकघरांतून स्वॅब घेऊन तपासणं हे माझं काम, आणि त्या अनुभवातून घरासाठी मी एवढंच सांगते.

आता बॅक्टेरिया खरंच इतके असतात का, याबद्दल. असतात. २०१७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांच्या घरातले वापरलेले १४ स्पंज घेऊन त्यांतल्या सूक्ष्मजीवांची जनुकीय तपासणी केली आणि स्पंजचे काप सूक्ष्मदर्शकाखालीही पाहिले. सगळ्यात दाट वस्ती होती तिथे एका घन सेंटिमीटरला ५४ अब्जांपर्यंत पेशी निघाल्या. हा आकडा तेव्हा जगभर फिरला आणि तुमच्या व्हिडिओतही बहुधा तोच असेल. पण त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी व्हिडिओवाले सांगत नाहीत. पहिली अशी की त्या गर्दीत पोट बिघडवणारे नेहमीचे जंतू, म्हणजे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर वगैरे, वरचढ नव्हते. जास्त होते ते पाण्यात, त्वचेवर, ओलसर जागी राहणारे असिनेटोबॅक्टर, मोराक्सेला, क्रायसिओबॅक्टेरियम असे जंतू. धडधाकट माणसाला ते सहसा काही करत नाहीत, प्रतिकारशक्ती कमी असलेल्याला त्यातले काही त्रास देऊ शकतात. दुसरी गोष्ट तुमच्या थेट कामाची आहे: ज्या घरांतून "आम्ही स्पंज नेहमी निर्जंतुक करतो" असं सांगितलं होतं, त्यांच्या स्पंजमध्ये जंतू कमी नव्हते. काही जाती तर तिथे तुलनेने जास्तच होत्या, आणि त्यात मोराक्सेला ऑस्लोएन्सिस ही एक होती.

तुमच्या कुबट वासात याच मोराक्सेलाचा मोठा हात असण्याची शक्यता आहे. घरात वाळवलेल्या कपड्यांना येणाऱ्या वासाचा माग जपानी संशोधकांनी काढला, तेव्हा तो याच जंतूपर्यंत गेला होता. घामातल्या आणि तेलकटपणातल्या स्निग्ध पदार्थांपासून तो एक वासाचं आम्ल तयार करतो, आणि थोडंफार वाळणं, थोडाफार मार खाणं त्याला सहन होतं. म्हणून तुम्ही स्पंज तापवता तेव्हा जे लवकर मरतात ते मरतात, हा चिवट थोडा उरतो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दोन दिवसांत पसरतो.

मग मायक्रोवेव्हचा सल्ला खोटा का? नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये हे मोजलं होतं. जंतू मुद्दाम वाढवलेले ओले स्पंज एक मिनिट मायक्रोवेव्हमध्ये ठेवल्यावर ९९.९९ टक्क्यांहून जास्त जंतू मेले. लिंबाच्या रसात किंवा ब्लीचच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमध्ये ते ३७ ते ८७ टक्केच मेले. म्हणजे उष्णतेत दम आहे. पण तिथला स्पंज नवा होता आणि त्यात जंतू दोन दिवसांचे होते. तुमच्या स्पंजच्या पोकळ्यांत तीन आठवड्यांची आमटी, तूप, पिठाची खळ आणि साबणाचा थर बसलेला असतो आणि जंतू त्यात चिकट पडदा करून राहतात. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही, काही भाग कोमट राहतो. आणि समजा एक लाखात एकच उरला, तरी ५४ अब्जांतून उरलेले पाच-सहा लाख होतात. तो स्पंज परत ओल्या साबणाच्या डबीत गेला की दुसऱ्या दिवसापर्यंत गर्दी पूर्ववत.

त्यामुळे स्पंज कशाने मारावा यापेक्षा तो दोन वापरांच्या मधे कोरडा होतो का, इकडे लक्ष द्या. बॅक्टेरियाला वाढायला पाणी लागतं. अन्नाचे कण, ऊब आणि हवा आपल्या स्वयंपाकघरात आपण थांबवू शकत नाही, पाणी तेवढं काढून घेता येतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी घरगुती स्पंज आणि भांडी घासायचे ब्रश यांची तुलना केली. साल्मोनेला घातला तर तो ओल्या स्पंजमध्ये टिकला आणि वाढला, ब्रश मात्र रात्रभरात वाळत असल्याने तिथे त्याची संख्या घटत गेली.

घरच्या घरी हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. रात्रीची भांडी झाल्यावर स्पंज जोरात पिळून नेहमीच्या जागी ठेवा. सकाळी, कोणी हात लावायच्या आधी, तो वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवून तळहाताने पूर्ण वजन टाकून दाबा. वरून हाताला कोरडा लागलेला स्पंज कागदावर ओला चौकोन उमटवतो, कारण फोमच्या बारीक पोकळ्या बाहेरून वाळतात आणि पोटात पाणी धरून ठेवतात. हाच प्रयोग प्लास्टिकच्या जाळीच्या घासणीवर करा. तिला टांगलेलं असेल तर कागद जवळजवळ कोराच राहतो. जुन्या घरांत नारळाच्या काथ्याने भांडी घासत, तो काथ्याही लवकर वाळतो, फक्त त्याचे तंतू सुटून सिंकच्या जाळीत अडकतात. तारेची घासणी वाळते झटकन, पण नॉनस्टिकला चालत नाही आणि तिचे तुकडे अन्नात जायची भीती असते, तेव्हा ती कढई-कुकरपुरतीच ठेवा आणि तुटायला लागली की टाका.

माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या पावसाळ्यात फोमचा स्पंज घेऊच नये. घ्यायचाच असेल तर काचेच्या ग्लासांपुरता, पातळ, आणि आठवड्याला नवा. बाकी भांड्यांना जाळीची घासणी.

आता साबणाची डबी. बहुतेक घरांत हीच खरी गडबड असते. भांड्यांची वडी प्लास्टिकच्या वाटीत, वाटीत बोटभर पाणी, त्या गढूळ पाण्यात घासणी पालथी. लोकांना वाटतं साबणात आहे म्हणजे ती स्वच्छच आहे. भांड्यांचा साबण मुख्यतः तेलकटपणा आणि त्याबरोबर जंतू सोडवून पाण्यात वाहून नेतो. तो मारत बसत नाही. वाटीतल्या पाण्यात साबण पातळ झालेला असतो, खरकटं भरपूर असतं आणि ते पाणी कुठे वाहूनही जात नाही. वाटीच्या तळाला बोट फिरवून बघा, बुळबुळीत थर लागेल. तो सगळा साबणच असतो असं समजू नका.

उपाय साधा आहे. वडी भोकं असलेल्या डबीत ठेवा, किंवा वाटीलाच तापलेल्या खिळ्याने चार भोकं पाडा. घासणी डबीत ठेवायचीच नाही. सिंकच्या वर भिंतीला हुक लावा आणि तिला टांगा. वापर झाला की आधी वाहत्या पाण्याखाली उलगडून तिच्यातलं भाताचं शीत, कोथिंबिरीचं पान काढा, मग झटका. दोन घासण्या ठेवल्या तर आणखी बरं: सकाळच्या भांड्यांना एक, रात्रीच्या भांड्यांना दुसरी. म्हणजे प्रत्येकीला वाळायला चोवीस तास मिळतात. चार घासण्यांचं पाकीट घेऊन ही फिरती सुरू करणं सगळ्या जंतुनाशकांपेक्षा स्वस्त पडतं.

पण घासणीने इतकं घाबरायचं कारण नाही, कारण ती ज्या भांड्याला लागते ते नंतर भरपूर पाण्याने धुतलं जातं. धोका जास्त आहे तो फडक्याचा. फडकं ओट्यावरून फिरतं आणि त्यानंतर कोणी धुवत नाही. ओटा चकचकीत दिसला की विषय संपला असं आपण धरतो. एलिझाबेथ स्कॉट आणि सॅली ब्लूमफिल्ड यांनी १९९० मध्ये हे तपासून दाखवलं होतं की दूषित कापडाचा नुसता स्पर्श झाला तरी जंतू ओट्यासारख्या पृष्ठभागावर आणि बोटांवर लगेच उतरतात. त्यांच्याच कामातून आणखी एक निघालं: कापड साबणाने धुऊन ओलंच ठेवलं तर कमी झालेले जंतू पुन्हा वाढतात.

तुमच्या घरी चिकन होतं की नाही ते तुम्ही लिहिलं नाही, पण रविवारचं उदाहरण घेऊ, कारण त्यात सगळं दिसतं. सकाळी अकराला पिशवीतून चिकन काढलं, सिंकमध्ये नळाखाली धुतलं. (धुवू नये, खरं तर. शिंतोडे दोन-तीन फूट उडतात आणि शिजवल्यावर जंतू मरतातच. पण आपल्याकडे हे सांगून कोणी ऐकत नाही, मीही आता वाद घालत नाही. निदान पातेल्यात पाणी घेऊन त्यात धुवा.) ओट्यावर गुलाबी पाणी सांडलं. ओट्याच्या फडक्याने ते टिपलं, फडकं नळाखाली धरलं, पिळलं आणि नळाच्या मानेवर घडी करून टाकलं. दुपारी दीडला त्याच फडक्याने बाळाच्या खुर्चीचा ट्रे पुसला. संध्याकाळी सातला पुन्हा त्यानेच ओटा पुसला आणि तिथे काकडी चोचवून कोशिंबीर केली.

यात दोन वेगवेगळे धोके आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत. कच्च्या कोंबडीवर कॅम्पिलोबॅक्टर असू शकतो. हा फडक्यात वाढत नाही. त्याला जास्त ऊब आणि कमी प्राणवायू लागतो, वाळल्यावर तो लवकर मरतो. पण आजारी पाडायला त्याच्या काहीशे पेशीही पुरतात. म्हणजे दीड वाजता, फडकं अजून ओलं असताना बाळाच्या ट्रेपर्यंत तो पोचला तर वाढण्याची गरजच नाही. इथे वाळवणं कामाला येत नाही, कारण तेवढा वेळच मिळालेला नाही. उपाय एकच, कच्च्या मांस-मासळीचं, अंड्याचं पाणी फडक्याने टिपायचंच नाही. वर्तमानपत्राने किंवा टिश्यूने टिपा, कागद थेट कचऱ्यात, मग ओटा साबणाच्या पाण्याने घासून पुसा, आणि त्याला वापरलेलं कापड त्याच क्षणी धुण्यात टाका.

दुसरा धोका साल्मोनेलाचा. हा ओल्या फडक्यात वाढतो. समजा पिळल्यावर त्यात हजार पेशी उरल्या. तीस अंशांच्या आसपास, अन्न मिळत असेल तर त्या साधारण पाऊण तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. हिशोबाला चाळीस मिनिटं धरू. अकरा ते सात म्हणजे आठ तास, म्हणजे बारा वेळा दुप्पट. हजाराचे चाळीस लाख होतात. खऱ्या फडक्यात इतके होतीलच असं नाही, कारण अन्न कमी पडतं, सुरुवातीला वाढीला वेळ लागतो आणि बाकीचे जंतूही जागा अडवतात. पण दिशा हीच असते. तेच फडकं अकरा वाजता नीट धुऊन पंख्याखाली पसरलं असतं आणि तास-दीड तासात वाळलं असतं, तर दुप्पट होण्याला फारशी संधीच मिळाली नसती. आणि संध्याकाळी कोण आजारी पडतं बघा: चिकन शिजलेलं, ते निर्धोक. न शिजवलेली कोशिंबीर जंतू पोटात नेते. मग घरात सगळे म्हणतात "चिकन बाधलं".

शाकाहारी घरांत हा धोका बराच कमी, पण शून्य नाही. मातीच्या भाज्या, दुधाचे ओघळ, भाताची शितं आणि आपले स्वतःचे हात हे सगळं फडक्यात उतरतंच.

फडकं कसं धुवायचं, तर आधी कापड बघा. पातळ सुती कापड सगळ्यात चांगलं. जुनं धोतर, मऊ पंचा, जुनी सुती साडी यांची चौकोनी फडकी फाडून कडा शिवून घ्या. टर्किश टॉवेलचा तुकडा पाणी छान शोषतो पण वाळत नाही. सेल्युलोजची जी जाड चौकोनी पुसणी मिळतात तीही पाणी धरतात, ती वापरायची तर टांगून, आणि दोन आठवड्यांत बदलून. मायक्रोफायबर ओटा उत्तम पुसतो, पण त्याला उकळणं सोसत नाही. म्हणून घरात आठ-दहा सुती फडकी असावीत. एक वापरात, बाकीची धुवून वाळलेली, आणि धुण्याची वाट बघणारी एका जाळीच्या टोपलीत, बंद बादलीत नाही.

रात्री दिवसाचं फडकं साबण लावून चोळून धुवा. हा टप्पा टाळून थेट जंतुनाशकात बुडवलं की काही होत नाही, तुमच्या अँटिसेप्टिकचं नेमकं हेच होतंय. तेलकटपणा आणि खरकटं त्या औषधाला आधी खाऊन टाकतात, शिवाय बादलीत झाकणभर टाकलेलं प्रमाण फडक्याला पुरतच नाही. दर दोन-तीन दिवसांनी साठलेली फडकी उकळा: स्टीलच्या पातेल्यात दोन लिटर पाणी, एक चमचा धुण्याचा सोडा, पाण्याला उकळी फुटल्यावर फडकी घालून दहा मिनिटं. सोड्याने तूप-तेल सुटतं. ॲल्युमिनियमचं पातेलं घेऊ नका, सोड्याने ते काळं पडतं आणि खराब होतं. पातेलं या कामाला वेगळंच ठेवा, म्हणजे घरातल्या मोठ्यांची कुरकुर होत नाही. वॉशिंग मशीनमध्ये टाकायची असतील तर साठ अंशांचा कार्यक्रम असलेलं मशीन लागतं. साध्या गार पाण्याच्या मशीनमध्ये फडकी आणि बाळाचे कपडे एकत्र फिरवले की जंतूंची वाटणी होते, बाकी काही नाही.

उकळायला वेळ नसेल तर ब्लीच. किराणा दुकानात मिळणाऱ्या सोडियम हायपोक्लोराइटच्या साध्या द्रवात बहुधा चार टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, बाटलीवर बघून घ्या. एक लिटर पाण्यात एक छोटा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, टाकलं की दशलक्षात सुमारे २०० भाग क्लोरीन होतं. साबणाने धुऊन, खळखळून काढलेलं फडकं त्यात दहा मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्यातून काढा. द्रावण रोज ताजं करा, कालचं ठेवू नका. मूळ बाटलीही उन्हात, गॅसजवळ ठेवली तर काही महिन्यांत अर्धी मेलेली असते, म्हणून उत्पादनाची तारीख बघून घ्या. आणि एक ताकीद: ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, संडास धुवायचं ॲसिड किंवा अमोनियाचं कुठलंही द्रव मिसळू नका. विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. "दोन्ही मिळून जास्त साफ होईल" या कल्पनेने लोक हे करतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

धुऊन झाल्यावर वाळवणं, आणि ठाण्यात जुलै महिन्यात इथेच घोडं अडतं. हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्के, फडकं दोन दिवस दांडीवर लोंबतं आणि वास परत येतो. ऊन नसेल तर पंखा वापरा, फडकं एकेरी पसरून, घडी न करता, दोन फडक्यांत वीतभर अंतर ठेवून. तरी दमट राहिलंच तर इस्त्री फिरवा. सुती फडक्यावर कडक इस्त्री एक-दीड मिनिट दोन्ही बाजूंनी दाबून फिरवली की ते कोरडं होतं आणि उष्णतेचा मारही बसतो. ऐकायला खुळेपणा वाटेल, पण पावसाळ्यात माझ्या घरी भांडी पुसायच्या कापडांना इस्त्री होते, सणाच्या साडीला होवो न होवो.

आता हात पुसायचा नॅपकिन. मॉरिशसमध्ये घरांतली स्वयंपाकाची १०० कापडं तपासली गेली आणि २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले गेले. ४९ कापडांवर जंतूंची वाढ मिळाली. एकाच कापडाने हात, भांडी, ओटा आणि गरम पातेली सगळं करणाऱ्या घरांत ई-कोलाय जास्त आढळला, दमट कापडांवर कोरड्यांपेक्षा जास्त, आणि मांसाहारी घरांत आतड्यातले जंतू व स्टॅफिलोकोकस जास्त. हे "सगळ्याला एक" कापड म्हणजे आपलं मसोतं. चुलीवरून पातेलं उतरवणं, सांडलेलं टिपणं, हात पुसणं, मुलाचं तोंड पुसणं, सगळं तेच. मसोतं फक्त गरम भांडी धरायला ठेवा. हॉटेलांत कामानुसार कापडांचे रंग ठरलेले असतात, घरी तेवढं नको, पण ओट्याची फडकी पांढरी आणि हाताचे नॅपकिन रंगीत एवढं केलं तरी चुकून अदलाबदल होत नाही.

नॅपकिनवर आतड्यातले जंतू सापडतात तेव्हा अनेकदा दोष हात अर्धवट धुण्याचा असतो. नुसतं पाण्याखाली बोटं ओली करून नॅपकिनला पुसली, की धुण्याचं उरलेलं काम नॅपकिन करतो आणि सगळं स्वतःकडे जमा करून पुढच्या माणसाला देतो. धुतलेली भांडी तर शक्यतो पुसूच नका. जाळीत उभी ठेवा, आपली आपण वाळू देत. पुसायला लागतात ती फक्त लगेच हवी असलेली आणि बाळाची वाटी-चमचा, त्यांना इस्त्रीचं कोरडं कापड.

फेकायची वेळ कशी ओळखायची, तर दिवस मोजण्याबरोबर तीन खुणा बघा. उकळून, वाळवूनही पहिल्यांदा ओलं केल्याबरोबर वास आला तर ते कापड गेलं. वास दुसऱ्या दिवशी येत असेल तर कापड ठीक आहे, तुमचं वाळवणं कमी पडतंय. बोटांत चोळल्यावर बुळबुळ लागली तर स्पंज किंवा घासणी त्याच दिवशी टाका. घासणीचे तंतू झिजून चपटे झाले, त्यांत काळे ठिपके दिसायला लागले तर तेही तसंच. मात्र वास नाही म्हणजे जंतू नाहीत असं उलटं धरू नका. साल्मोनेलाला वास नसतो, रविवारच्या त्या फडक्याला संध्याकाळी सातला काहीच वास आला नसता.

स्पंज मायक्रोवेव्हमध्ये टाकायचं तुम्ही थांबवलंत तरी चालेल. आठवड्याला बदलणार असाल तर त्याची गरज नाही. मधेच एखाद्या दिवशी करायचंच झालं तर स्पंज साबणाने धुऊन पाण्याने निथळता ओला करून एक मिनिट ठेवा आणि पाच मिनिटं दार न उघडता गार होऊ द्या. कोरडा स्पंज आत टाकला तर पेट घेऊ शकतो, आणि तारेची घासणी किंवा आत तारा असलेला स्पंज तर अजिबात नाही.

घरात कुणाला उलट्या-जुलाब सुरू असतील तर हे सगळं वेळापत्रक बाजूला ठेवा. त्या दिवसांत ओट्याला, बेसिनला, जेवणाच्या टेबलाला टिश्यू वापरा आणि फेका. वांतीची जागा आधी टिश्यूने टिपून साबणाने धुवा, मग ब्लीचचं प्रमाण पाचपट करा, म्हणजे लिटरला पाच छोटे चमचे, आणि ते दहा मिनिटं ठेवा. हातमोजे घालून, खिडकी उघडून. पोटाच्या विषाणूंना साधं प्रमाण पुरत नाही. आजाऱ्याचा हात पुसायचा नॅपकिन वेगळा ठेवा आणि तो रोज उकळा. तुमच्याकडे सासरे आणि बाळ दोघेही आहेत, त्या वयात जुलाबाने अंगातलं पाणी लवकर कमी होतं, म्हणून हे काटेकोर पाळा.

मावशींबद्दल एक. त्या चार घरी जातात, पण घासण्या प्रत्येक घरच्या वेगळ्या असतात, तेव्हा त्यांच्यामुळे जंतू येतात असं धरून त्यांना दुखवू नका. त्यांना दोनच गोष्टी सांगा, आणि तशी सोय करून मगच सांगा: घासणी हुकला टांगायची, आणि भांडी झाल्यावर ओटा पुसायला सिंकवरचं ओलं फडकं न घेता धुतलेल्या गठ्ठ्यातलं कोरडं घ्यायचं. हुक त्यांच्या हाताच्या उंचीवर हवा आणि गठ्ठा दिसेल असा हवा. मी ज्या मेसमध्ये तपासणीला जायचे तिथे एकीकडे "फडकी रोज बदला" अशी पाटी होती आणि स्वच्छ फडकी कुलूपबंद कपाटात, किल्ली मॅनेजरकडे. स्वॅबचे निकाल दर वेळी वाईट यायचे. फडक्यांचा गठ्ठा उघड्या फळीवर आणल्यावर ते सुधारले, पाटी तीच होती.